पडलेले नाहीत असं धरून

आमचा विभाग इस्पितळाच्या तळघरात आहे, धुलाईघराला लागून. भिंतीपलीकडे चादरी धुणारी यंत्रं घरघरत असतात आणि अलीकडे आम्ही तिघं लोकांच्या औषधांच्या शंका निरसत असतो. फोनवर "औषध माहिती कक्ष" असं भारदस्त नाव सांगायचं आणि मागून चादरी पिळल्याचा आवाज येऊ द्यायचा, याची सवय व्हायला मला वर्षभर लागलं. आता तीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काढल्यावर सवय कशाचीही होते. माणसांची सोडून.

माणसं मोजून दोन. एक आमचे साहेब. नाव त्यांना आहे, पण मागे सगळे त्यांना परिपत्रक म्हणतात, कारण त्यांच्या आयुष्यात काहीही घडलं की ते परिपत्रक काढतात. चहाच्या कपाला कान नसेल तरी परिपत्रक. दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, भविष्यवाला. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अभ्यासात हुशार, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ते स्वतः पुरं करून त्याला उत्तर देणारा. बायकोशीही तो असाच बोलत असणार. तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्याकडे लोक मेसेज पाठवून प्रश्न विचारतात. मेसेज घेणारं यंत्र जुनं आहे. लांब मेसेज फोनमधून तुकड्यातुकड्यांनी येतो, चांगली यंत्रं ते तुकडे जोडतात, आमचं यंत्र पहिला तुकडा घेतं आणि हात वर करतं. आपल्या लिपीत पहिला तुकडा सत्तर खुणांचा. अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं धरून सत्तर. आणि आपली माणसं विचारतात कशी, तर आधी नमस्कार, मग आम्ही सगळे मजेत आहोत, मग मागच्या वेळी तुम्ही फार छान सांगितलंत. एवढ्यात सत्तर संपतात. कित्येकांचं कुशल कळतं, दुखतंय काय ते कळत नाही. आम्ही पाठवलेलं उत्तर मात्र कितीही लांब असलं तरी अख्खं जातं. संगणकवाले सांगतात की नवीन यंत्र मंजुरीत आहे. ते मी इथे आले तेव्हापासून मंजुरीतच आहे.

तुटलेल्या प्रश्नांचं काय करायचं यावर आमच्यात दोन पंथ होते. भविष्यवाल्याचा पंथ असा की पुढे काय असणार ते कळतंच, ठोकून द्यायचं उत्तर. परिपत्रकांना ते पसंत नव्हतं, पण मांजराचं प्रकरण होईपर्यंत त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

मांजराचं प्रकरण असं. एक मेसेज आला: "तिला कालपासून ताप आहे, गोळी दिली की लगेच थुंकते. चुरून दुधातून दिली तर". गोळीचं नाव नाही, वय नाही, काही नाही. भविष्यवाल्याच्या डोळ्यांपुढे लगेच एक हट्टी आजी उभी राहिली. त्यानं लिहिलं, साधी पॅरासिटामॉल असेल तर चुरून द्यायला हरकत नाही, दिवसातून इतक्या वेळा, दोन वेळांत इतकं अंतर. उत्तर सुरेख होतं. फक्त ती आजी नव्हती, मांजर होती, आणि मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विषच. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं मी इथे लिहू शकत नाही, आणि उरलेलं निम्मंही चांगलं नव्हतं. मांजर वाचली, कारण तिनं त्या दुधाला तोंडच लावलं नाही. आमच्या कक्षाची अब्रू मांजरीच्या नखऱ्यांवर टिकली.

यावर परिपत्रक निघालं. अपूर्ण प्रश्नास कोणत्याही परिस्थितीत उत्तर देऊ नये. पुढील ठरावीक मजकूर पाठवावा: "आपला प्रश्न अपूर्ण आहे. कृपया पूर्ण प्रश्न पाठवावा." एक कळ दाबली की हा मजकूर जायचा. पुढचे चार महिने आम्ही ती कळ दाबत होतो. मीही. मला ते पटत नव्हतं आणि तरी मी दाबत होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी फार शहाणी वाटेन.

माझं म्हणणं साधं होतं. भविष्यवाल्यानं उत्तर दिलं ही चूक नव्हती. आपण आजी धरून चाललोय हे त्यानं सांगितलं नाही, ही चूक होती. त्यानं वरती एवढंच लिहिलं असतं, की "घरातल्या मोठ्या माणसासाठी विचारताय असं धरून सांगतो", तर त्या मांजरवालीला खो खो हसू आलं असतं आणि तिनं दूध ओतून दिलं असतं. हे मी बैठकीत बोलले. साहेब म्हणाले, "बाई, धरून चालण्यावर इस्पितळ चालत नाही." मी म्हटलं, इस्पितळ त्यावरच चालतं, फक्त कुणी कबूल करत नाही. बैठक तिथेच संपली.

तर तो दिवस. दुपारचे पावणेदोन. भविष्यवाला डबा उघडून बसलेला, साहेब माझ्या टेबलाशी उभे राहून मागच्या महिन्याचा अहवाल मागत होते, आणि माझ्या पडद्यावर हे आलं:

"बाबांना रक्त पातळ करायची गोळी घेतली का आठवत नाही, परत देऊ का? ते सकाळी"

एवढंच. सत्तर भरले.

"दाबा कळ," साहेब म्हणाले.

"थांबा जरा."

"ते सकाळी फिरायला जातात," भविष्यवाला तिकडून घास गिळत म्हणाला. "फिरून आले की घेतात गोळी. म्हणजे घेतलीच असणार. सांगा, काळजी करू नका."

"तू जेव."

मी त्या मेसेजकडे बघत राहिले. या गोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की, घेतली की नाही याची खात्री नसेल तर दुसरी द्यायची नाही. एक चुकली तर बहुतेक वेळा निभावतं. दोन पडल्या तर रक्त जास्त पातळ होतं आणि कुठून तरी वाहायला लागतं. म्हणजे प्रश्न अर्धा होता तरी त्याचं उत्तर माझ्याकडे जवळजवळ पूर्ण होतं. आणि त्या घरात कुणीतरी हातात गोळी घेऊन उभं होतं. मी कळ दाबली, की ती गोळी बाबांच्या तोंडात जायची शक्यता निम्मी.

पण "ते सकाळी" काय? सकाळी नुसतं चिडले होते असंही असेल. सकाळी नाकातून रक्त आलं होतं असंही असेल. नंबर दिसत असता तर मी सरळ फोन केला असता, पण लोकांची ओळख राखायची म्हणून यंत्र नंबर झाकतं. ओळख तेवढी ते न चुकता राखतं.

"साहेब, मी उत्तर देतेय."

"अपूर्ण प्रश्न आहे, बाई. उरलेलं तुम्ही मनानं भरणार. म्हणजे पुन्हा मांजर."

"मनानं भरणार, पण भरलंय काय ते तिला दाखवणार. चुकलं तर तीच सांगेल. तो मनात भरून गप्प बसला होता."

"माझं नाव कशाला?" भविष्यवाला म्हणाला.

"तुझं नाव घेतलं नाही. मांजराचं घेतलं."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. हे वाईट लक्षण. "तुमच्या जबाबदारीवर. मी लेखी नोंद करणार."

"वेळ पण लिहा. एक सत्तेचाळीस," मी म्हटलं आणि टाइप करायला लागले. या वयात लेखी नोंदीची भीती वाटू नये, पण वाटते.

मी लिहिलं ते असं: "तुमचा मेसेज 'ते सकाळी' इथे तुटला, पुढचं आम्हाला दिसलं नाही. बाबा ही गोळी रोज एकदाच घेतात, आज पडलेले नाहीत, कुठे मार लागलेला नाही आणि कुठून रक्त येत नाही, असं धरून सांगते. खात्री नसेल तर आज दुसरी गोळी देऊ नका. उद्या नेहमीच्या वेळी एकच द्या, दोन नाही. गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना कळवा. पण मी धरलंय त्यातलं काही चुकीचं असेल तर हे उत्तर सोडून द्या. विशेषतः पडले असतील किंवा डोक्याला लागलं असेल, तर ते कितीही ठणठणीत दिसत असले तरी लगेच तातडीच्या विभागात न्या आणि ही गोळी चालू आहे हे तिथे आधी सांगा. उरलेलं लिहायचं असेल तर छोट्या छोट्या मेसेजांत पाठवा."

साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "पडलेले नाहीत हे कुठून काढलंत? तिनं पडण्याचं काही म्हटलेलंच नाही."

"म्हणूनच."

"बायकोला पण असंच उत्तर द्यायला हवं," भविष्यवाला डब्याला म्हणाला.

पाठवलं. साहेब खुर्ची ओढून बसले. अहवालाचं विसरले, पण उठून गेले नाहीत, आणि मला त्यांचा तेवढ्यापुरता राग आला नाही. तीन मिनिटं पलीकडे चादरी फिरत राहिल्या. मग मेसेज आला, तोही सत्तरला तुटलेला:

"अहो ते पडलेच ना सकाळी बाथरूममध्ये, टेंगूळ आलंय. पण ते म्हणतात मला काही"

हा मेसेज भविष्यवाल्यानंही पुरा केला असता आणि बरोबर केला असता. मला काही झालेलं नाही. सगळ्यांचे बाबा हेच म्हणतात. माझे तर हाड मोडलेलं असताना म्हणाले होते.

मी लिहिलं: "म्हणजे माझं धरणं चुकलं. वरचं उत्तर आता लागू नाही. गोळी देऊ नका आणि आत्ता निघा. ते नाही म्हणाले तरी. स्वतः चालवत येऊ देऊ नका." साहेब मागून म्हणाले, "गोळीचं पाकीट बरोबर आणायला सांगा." मी तेही लिहिलं. सूचना चांगली होती. त्यांच्याकडून आली म्हणून वाईट होत नाही.

त्यानंतर काहीच आलं नाही. साडेपाचपर्यंत मी दर दोन मिनिटांनी पडदा बघत होते. घरी गेले तरी जेवताना नवऱ्यानं दोनदा विचारलं, कुणाशी भांडलीस. मी म्हटलं, अजून नाही.

पाचव्या दिवशी तळघराच्या जिन्यावरून एक बाई खाली आली. चाळिशीची, चष्म्याच्या दुकानात काम करते म्हणाली, आणि तिचा स्वतःचा चष्मा डोक्यावर होता. तिनं फोन पुढे धरला. पडद्यावर माझा मेसेज.

"हे कुणी लिहिलं?"

साहेब उभे राहिले. भविष्यवाल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. संकटात हा माणूस कधी दगा देत नाही.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "बाबा?"

"वर आहेत. तिसऱ्या मजल्यावर. कवटीच्या आत रक्त साठायला लागलं होतं. थोडंच. फोटो काढला, गोळीचा परिणाम उतरवायचं औषध दिलं, ऑपरेशन लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यात आणखी एक गोळी पोटात गेली असती आणि रात्री झोपू दिलं असतं, तर." तिनं वाक्य तिथेच सोडलं. ते तिघांनीही आपापलं पुरं केलं.

मी खाली बसले. मला रडू यायला लागलं होतं, आणि साहेबांसमोर रडायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी ओरडले. "अहो पण पडले हे आधी लिहायचं की नाही? गोळीचं काय घेऊन बसलात?"

"मला काय माहीत पडणं महत्त्वाचं आहे?" तीही चढ्या आवाजात म्हणाली. "पडले, उठले, चहा प्याले. त्या गडबडीत गोळी घेतली की नाही तेवढाच घोळ झाला, म्हणून कारण लिहिलं होतं पुढे. तुमच्या उत्तरात वाचलं 'आज पडलेले नाहीत असं धरून', तेव्हा डोक्यात आलं की पडण्याचा आणि गोळीचा काही संबंध असतो. आणि हातात गोळी होती माझ्या."

साहेब खाकरले. "तरीही, ताई, पूर्ण प्रश्न पाठवणं आवश्यक..."

"मी पूर्णच पाठवते." तिनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा. माझ्याकडे पूर्ण दिसतोय. तुमच्याकडे अर्धा येतो हे मला कसं कळणार? उन्हाळ्यात आईच्या थायरॉइडच्या गोळीचं विचारलं. उत्तर आलं, प्रश्न अपूर्ण आहे, पूर्ण पाठवा. मी तोच परत पाठवला. परत तेच. मी तिसऱ्यांदा पाठवला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भविष्यवाल्याकडे. तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. यंत्र प्रत्येक वेळी त्याच जागी तोडत होतं. दुसऱ्यांदा आलेला तोच तुकडा आम्ही "पुन्हा तोच" अशी खूण करून पुसत होतो. तसे रोज चार-पाच असायचे. लोकांना वाचता येत नाही असं आम्ही आपसात म्हणायचो आणि हसायचो. मी तर सगळ्यांत मोठ्यानं. तेव्हाची लाज मला अजून वाटते.

"मग काय केलंत?" साहेबांनी विचारलं. आवाज एकदम उतरला होता.

"काय करणार. शेजारणीला विचारलं."

"त्या नर्स आहेत का?"

"केस कापते."

भविष्यवाला हसला आणि मग हसणं गिळून बसला. आईला काही झालं नाही, तिनंच सांगितलं. शेजारीण म्हणाली होती की रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि नाश्त्याच्या आधी थोडा वेळ जाऊ द्यायचा. ते बरोबरच होतं. केस कापणारीनं आमच्यापेक्षा चांगली सेवा दिली होती, आणि तिनं प्रश्न ऐकायच्या आधी तो पूर्ण आहे का हे विचारलं नव्हतं.

ती वर गेल्यावर साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी कोरा कागद घेतला. मला वाटलं, आलं परिपत्रक. आलंच. पण त्याच्यावर खोडाखोड होती, आणि ती त्यांनी मला दाखवली, हे नवीन होतं. "कुठे तुटलं ते आधी सांगावे. काय धरले ते उत्तराच्या वरती लिहावे, तळाला नाही. ते चुकले तर काय करावे तेही लिहावे." शेवटी त्यांनी घातलं होतं, "वरीलप्रमाणे धरून चालण्यास हरकत नाही."

"धरायचं किती, ते पण लिहा," मी म्हटलं. "ज्यानं उत्तर बदलेल तेवढंच. नाहीतर हा आजीचं गाव पण धरून चालेल."

"लिहितो," ते म्हणाले. आणि लिहिलं. भविष्यवाल्यानं मान खाली घालून स्वतःसाठी एक प्रत मागितली. बहुतेक घरी न्यायला.

तेवढ्यात माझा पडदा उजळला. नवीन मेसेज, नंबर झाकलेला, पण कुणाचा ते ओळखायला भविष्यवाल्याची गरज नव्हती:

"मी तिसऱ्या मजल्यावर आहे. मला आजच घरी सोडायला सांगा. तुमच्या त्या बाईला"

"सरका," साहेब म्हणाले. इथल्या चार वर्षांत ते कधी माझ्या खुर्चीत बसले नव्हते. एका बोटानं टाइप करतात हेही मला तेव्हाच कळलं. मी उभी राहून वाचत होते.

"आपला मेसेज 'त्या बाईला' इथे तुटला. पुढे आभार आहेत असे धरून ते त्यांना कळवले आहेत. घरी कधी सोडायचे ते आपण किंवा आम्ही नाही, वॉर्डातले डॉक्टर ठरवतील. तोवर एकट्याने बाथरूमला जाऊ नये. डोके दुखू लागले, उलटी झाली किंवा झोप आवरेना तर लगेच नर्सला बोलवावे. आभार नसून दुसरे काही असल्यास कृपया कळवावे, आम्ही दुरुस्ती करू."

ते "कृपया" शोधण्यात त्यांची दोन मिनिटं गेली. मग त्यांनी पाठवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले, पडद्याकडे बघत, मी पाच दिवसांपूर्वी बसले होते तसे.

उत्तर लगेच आलं. कुठेही न तुटता.

"शिव्या होत्या."

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे वळून, अगदी कार्यालयीन आवाजात, म्हणाले, "बाई, दुरुस्ती नोंदवून घ्या." मला इतका आनंद झाला की मी खरंच नोंदवून घेतली.